कार्ड खरं होतं

बाबांना प्रश्न विचारताना उत्तरही सोबत द्यायची सवय होती. "जेवलीस ना?" "किल्ली घेतलीस ना?" "बरं वाटतंय ना आता?" समोरच्याने नुसती मान हलवली की त्यांचं समाधान व्हायचं. आई त्यावरून त्यांची टिंगल करायची. "तुमका कोणी खोटा सांगूची गरजच नाय," ती म्हणायची, "तुमीच सांगतास, आणि तुमीच ऐकतास."

नोकरीत मात्र ते असे नसावेत. केंद्राच्या एका सुरक्षा दलात त्यांनी एकतीस वर्षं काढली. कारखाने, बंदरं, शेवटी विमानतळ. आजोबा लालबागच्या गिरणीत कापडाचे साचे चालवत, त्यामुळे अंगावर सरकारी वर्दी चढलेला आमच्या घरातला पहिला माणूस म्हणजे बाबा. त्यांचं काम बहुतेक गेटवरचं. आलेल्या माणसाने कार्ड पुढे केलं की आधी कार्ड बघायचं, मग माणूस बघायचा, मग परत कार्ड. हे तीन वेळा बघणं त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा ते तशीच बघत. आधी पत्रिका, मग ती घेऊन आलेला पाहुणा, मग परत पत्रिका.

दर तीन-चार वर्षांनी बदली व्हायची. सामान ट्रकने जायचं आणि स्कूटर रेल्वेच्या पार्सलने. स्कूटर पाठवायचा दिवस माझ्या लहानपणी सणासारखा असे. टाकीतलं पेट्रोल काढायचं, नाहीतर पार्सल ऑफिसवाले घेत नसत. बॅटरीची वायर सोडवायची. मग स्टेशनबाहेरचे पॅकिंगवाले आरशांना आणि हँडलला पेंढा बांधत, त्यावर गोणपाट शिवत, आणि बाबा स्वतः दोन पुठ्ठ्यांवर नाव आणि पोहोचायचं स्टेशन लिहून ते सुतळीने दोन बाजूंना बांधत. एक निघाला तर दुसरा राहावा म्हणून. नव्या गावी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी स्कूटर यायची आणि ते गोणपाट उसवताना मी समोर बसून राहायची. पार्सलच्या त्या सगळ्या पावत्या बाबांनी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. स्कूटर मोडीत निघाली तरी पावत्या राहिल्या.

हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोक ऐकतात आणि म्हणतात, एवढा अनुभवी माणूस कसा फसला? मला वाटतं, ते त्या अनुभवामुळेच फसले.

निवृत्तीनंतर आम्ही मुलुंड पूर्वेला राहायला आलो. जुनी सोसायटी, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. आईचे गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी सांगितली. ते सेंटर पश्चिमेला. चालत जाणं तिला शक्य नव्हतं, आणि एवढ्या जवळच्या भाड्याला रिक्षावाले मान फिरवायचे. एकदा भर उन्हात सात रिक्षांनी नाही म्हटलं. बाबा आईला धरून फुटपाथवर उभे होते. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "बाय, मी स्कूटर घेतो. जुनी. अजून चालवता येते मला."

आई आतून म्हणाली, "तुमी चालवतलास आणि मी मागे बसतलंय? दोघांका मिळान एकच खाट गावतली हॉस्पिटलात."

"सोय झाली की," बाबा म्हणाले. "भेटायला येणाऱ्यांचा एक फेरा वाचेल."

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीची एक वेबसाइट मीच त्यांना फोनवर उघडून दिली. दसरा दोन आठवड्यांवर होता. गाडी दसऱ्याला दारात यावी, झेंडूची माळ घालावी, नारळ फोडावा, असं बाबांच्या मनात होतं. रोज सकाळी चहा घेताना ते चष्मा कपाळावर सरकवून फोटो बघत बसायचे.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. स्कूटर पाच वर्षांची, राखाडी रंगाची, अंधेरीचा नंबर, किंमत चोवीस हजार. तशा गाड्या चाळीसच्या खाली मिळत नव्हत्या. खाली हिंदीत लिहिलं होतं: विमानतळावर तैनात जवान, आसामला बदली, तातडीने विकणे आहे.

"आमच्याच दलातला आहे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आठ दिवसांत निघायचं असतं गं. स्वस्तात फुंकावीच लागते गाडी. मी नाही का, पहिली बदली झाली तेव्हा टेबलफॅन आणि पलंग मिळून दीडशे रुपयांना दिले होते?"

त्यांनी मेसेज केला. तासाभरात फोन आला. स्पीकर चालू होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"जय हिंद सर."

"जय हिंद बेटा. कौन सी युनिट?"

त्याने सांगितलं. बाबांनी आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, कोणत्या साली कुठे होतो ते सांगितलं. पलीकडचा प्रत्येक वाक्याला "जी सर, जी सर" म्हणत होता. मग त्याने एकामागून एक फोटो पाठवले. स्कूटरचे चार बाजूंनी, आरसी बुकाचा, वर्दीतला स्वतःचा, आणि ओळखपत्राचे दोन, पुढची बाजू आणि मागची.

बाबा टेबलाशी जाऊन बसले. कार्डाचा फोटो बोटांनी मोठा करून त्यांनी कोपरा न कोपरा बघितला. शिक्का कुठे येतो, सही शिक्क्यावर किती चढते, नंबर कसा लिहितात, मागच्या बाजूला गावचा पत्ता कसा असतो. पंधरा-वीस मिनिटं तरी गेली असतील.

"कार्ड खरं आहे," ते शेवटी म्हणाले.

गाडी बघायला कधी येऊ, हे त्यांनी विचारलं होतं. पलीकडचा म्हणाला, सर, गाडी कॅम्पच्या आत आहे, सिव्हिलियनला सोडत नाहीत. मी तर उद्याच निघतोय. आमच्या ट्रान्सपोर्टने घरपोच येईल, गाडी बघा, चालवा, पसंत पडली तर बाकीचे पैसे द्या. फक्त पाठवणावळीचे एकवीसशे पन्नास आधी भरावे लागतील, ट्रान्सपोर्टवाले त्याशिवाय गाडी उचलत नाहीत.

बाबांना यात काहीच खटकलं नाही. कॅम्पात बाहेरच्याला सोडत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लोकांना न सोडण्याचंच तर काम त्यांनी आयुष्यभर केलं. उलट त्यांनी त्या माणसाची परीक्षा घेतली. आपल्याच पद्धतीने.

"टंकी खाली कर दी ना?"

"जी सर, कर दी."

"बॅटरी का तार निकाला ना?"

"निकाल दिया सर."

"ऊपर बोरा सिलवाया ना? पुठ्ठे पे नाम दोनो तरफ लगाना."

"जी सर, दोनो तरफ."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "बघ, सगळं माहीत आहे त्याला."

मी हसले होते. सगळं त्यांनीच सांगितलं होतं हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि तरी मी फक्त हसले. आईच्या टिंगलीची आठवण येऊन.

पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव दुसरंच आलं. बाबांनी ते बघितलं, फोन करून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, ते आमच्या ट्रान्सपोर्टच्या बाबूचं खातं आहे. बाबांनी मान डोलावली. युनिटमध्ये असे एक बाबू असतातच. संध्याकाळी शिक्का मारलेली पावती आली, आणि एक फोटो: गोणपाटात शिवलेली स्कूटर, हँडलला पुठ्ठा बांधलेला. पुठ्ठ्यावर बाबांचं नाव, खाली मुलुंड. तो फोटो बाबांनी आईला दाखवला, मला दाखवला, खाली जाऊन सोसायटीच्या वॉचमनला दाखवला. आता मी तो बघते तेव्हा कळतं की पुठ्ठ्यावरची अक्षरं नंतर चिकटवलेली आहेत, सुतळीच्या वरून गेली आहेत. तेव्हा कुणालाच दिसलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी जिन्याखालची जागा झाडून घेतली. सेक्रेटरींची परवानगी आधीच काढली होती. आईने ताटात हळदकुंकू, नारळ, लिंबू-मिरची मांडली. माळ मोठी आणली होती, ट्रकला घालतात तेवढी.

"स्कूटर येतासा की हत्ती?" आई म्हणाली.

"तू बसणार ना मागे? मग मोठीच पाहिजे."

"जावा तिकडे."

अकरा वाजता बाबा प्लास्टिकची खुर्ची घेऊन गेटपाशी जाऊन बसले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. साडेअकराला ड्रायव्हरचा म्हणून फोन आला. गाडी घाटकोपरला पोहोचलीय, पण गेट पासचे साडेचार हजार भरल्याशिवाय पुढे सोडत नाहीत, ते किमतीतून वजा होतील. बाबांनी भरले. मग फोन आला की पैसे दोन मिनिटं उशिरा आले म्हणून सिस्टीमने घेतले नाहीत, तेवढेच परत पाठवा, पहिले गाडीबरोबर रोख परत मिळतील. बाबा वर आले. मी आतल्या खोलीत वाचत पडले होते. सुट्टीचा दिवस, पुस्तक संपत आलं होतं.

दारात उभं राहून ते म्हणाले, "बाय, तेच पैसे परत पाठवायचे तर परत तेच बटण ना?"

"हो," मी म्हटलं. पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. कुणाला पाठवताय, कशाला पाठवताय, विचारलं नाही. ते "बरं" म्हणून खाली गेले.

त्यानंतर विम्याचे, त्यानंतर आणखी कसले तरी. चार वाजता तो नंबर लागेनासा झाला. थोड्या वेळाने चॅटमधला वर्दीतला फोटोही गेला, नुसतं राखाडी वर्तुळ उरलं. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा बाबा गेटपाशीच बसले होते. रस्त्याने माळा घातलेल्या गाड्या जात होत्या. रिक्षा, टेम्पो, लहान मुलांच्या सायकलीसुद्धा.

"फोन बंद पडला असेल ना त्याचा?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि मेसेज वाचत गेले. शेवटच्या मेसेजपर्यंत येईतो मला सगळं कळलं. सुमारे अठरा हजार गेले होते. आणि मग मी ते वाक्य बोलले. गेटवर, वॉचमनच्या समोर.

"अहो बाबा, आयुष्यभर तुम्ही कार्डंच बघितलीत ना? मग हे कसं नाही कळलं?"

ते उठले, खुर्ची उचलली, जिन्याखाली त्या झाडलेल्या जागेत ठेवली, आणि वर गेले.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी लगेच फोन केला, तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. सायबरचं काम बघणारी मुलगी तरुण होती, शांतपणे बोलत होती. खातं दुसऱ्याच राज्यातलं होतं, कुणाचं तरी भाड्याने घेतलेलं, आणि पैसे आले तसे काढून घेतले गेले होते. ती म्हणाली, यातलं काही मिळालं तर कळवू, पण आशा धरू नका. बाबांनी पैशांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ते म्हणाले, "मॅडम, कार्ड मात्र खरं आहे."

"काका, हे सगळं फोटोशॉप असतं हो. वर्दीपण, कार्डपण."

"वर्दीचं मला माहीत नाही. कार्ड खरं आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, कशाला वाद घालता?" ते म्हणाले, "वाद नाही गं. तिने नीट बघितलं नाही."

त्या दिवसापासून त्यांना तेवढी एकच गोष्ट लागून राहिली. पैसे गेले ते गेले. पण एकतीस वर्षं ज्या नजरेने त्यांनी भाकरी कमावली, ती नजर चुकली की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. सरकारी अॅपवर मी स्कूटरचा नंबर घालून बघितला. गाडी खरी निघाली. अंधेरीत नोंदलेली, रंगही राखाडी, मालकाच्या नावाची मधली अक्षरं झाकलेली. कुठल्या तरी इमारतीखाली ती तेव्हाही उभी असेल, मालकाला पत्ताही नसेल. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते ताठ बसले. "बघ. गाडी खरी. मग कार्डही खरंच. चोराने दोन्ही उचललंय. त्या पोराचं नाव खराब होतंय गं तिकडे."

मग एका शनिवारी ते अंधेरीला जायला निघाले. दलाच्या वसाहतीच्या गेटवर विचारतो म्हणाले. मी सोबत गेले. वाटेत त्यांनी दोनदा खिसा चाचपला. त्यात त्यांचं स्वतःचं, निवृत्तांना देतात ते कार्ड होतं. ते कार्ड त्यांनी कुठेही दाखवलं की माणूस जरा सरळ उभा राहायचा. बँकेत, हॉस्पिटलात, एकदा तर टोल नाक्यावर. आई म्हणायची, "तेवढ्यासाठीच दाखवतत."

गेटवरचा जवान पंचविशीचा असेल. बाबांनी "जय हिंद" म्हटलं, कार्ड पुढे केलं आणि काय झालं ते सांगायला सुरुवात केली. त्याने अर्ध्यातच मान हलवली.

"अंकल, बहुत लोग आते हैं. स्कूटर, बुलेट, फ्रिज. इधर कुछ नहीं है."

"वो ठीक है बेटा. जिसका कार्ड है उसको बताना है."

जवानाने तेव्हा बाबांचं कार्ड नीट हातात घेतलं. बघितलं. मग बाबांकडे बघितलं. मग परत कार्डाकडे. उलटं केलं, उजेडात धरलं, अंगठ्याने कड घासून बघितली. "ये आपका ही है?" त्याने विचारलं. त्यात उद्धटपणा नव्हता. गेटवर रोज खोटी कार्डं येत असतील तर आणखी काय करणार? पण मी बाबांचा चेहरा बघत होते. माझ्या माहितीत त्यांच्या कार्डावर पहिल्यांदाच कुणी शंका घेतली होती.

"मेरा ही है," ते म्हणाले.

आत कळवतो, असं त्या जवानाने सांगितलं आणि एका वहीत काहीतरी लिहून घेतलं. परतताना बाबा बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. मुलुंड आलं तेव्हा म्हणाले, "पोरगा चांगला होता. नीट बघत होता." आणि जरा वेळाने, "मीही असंच बघायचो."

पुढच्या आठवड्यात त्यांनी पत्र लिहिलं. कार्डाच्या मागच्या बाजूला त्या जवानाचा गावचा पत्ता होता, उत्तरेतल्या एका खेड्याचा, पिनकोडसकट. तीन दिवस ते लिहीत होते. लाइन मारलेल्या कागदावर, हिंदीत, प्रत्येक अक्षर सुटं. पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं. "कॉलेजजवळचं पोस्ट रिकामं असतं ना? स्पीड पोस्टने टाक."

मी ते पत्र टाकलं नाही.

विसरले नाही, हे मला इथे लिहायचं आहे. विसरले असते तर वेगळं. मला खात्री होती की कार्ड बनावट आहे, पत्ता बनावट आहे. असलाच तर त्या चोरांचाच असेल, आणि त्यांच्या हाती आमच्या घराचा पत्ता बाबांच्या अक्षरात जाईल. पत्र परत आलं तर त्यांना पुन्हा एकदा खोटं पडल्यासारखं होईल, असंही मनात होतं. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. शिकलेल्या, वाचणाऱ्या माणसाला आपल्या भोळ्या वडिलांची वाटते तशी. मी पाकीट ग्रंथालयातल्या माझ्या खणात, पुस्तकांच्या जुन्या कॅटलॉग कार्डांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं.

घरी आल्यावर ते म्हणाले, "टाकलंस ना?"

"हो."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. पावतीशिवाय ज्या माणसाने आयुष्यात एक पार्सल पाठवलं नव्हतं, तो पावती मागणार हे मला ठाऊक होतं.

"पावती कॉलेजातच राहिली असेल ना?" ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

त्यानंतर त्यांनी पावतीचं नाव काढलं नाही. रोज दुपारी मात्र ते खाली जाऊन पत्रपेटी उघडून बघायचे. लाइटबिल, सोसायटीची नोटीस, कुठल्याशा क्लासची जाहिरात. आई म्हणायची, "कोणाची वाट बघतास? जुनी मैत्रीण हा काय खय?" ते म्हणायचे, "आहे एक. आसामला असते." हे मी ऐकायची आणि उद्या टाकू, असं मनाशी म्हणायची. मग उद्याही तो खण उघडायची नाही.

जानेवारीत, एका सकाळी फिरायला निघताना बुटाची नाडी बांधायला ते स्टुलावर बसले आणि तसेच भिंतीला टेकले. मी चहा गाळत होते. आईने हाक मारली ती माझ्या नावाने नाही, त्यांच्या. तिने त्यांना कधीही नावाने हाक मारली नव्हती.

तेराव्यानंतर आईच्या पेन्शनचे कागद करायचे होते. त्यासाठी बाबांचं कार्ड लागलं. काउंटरवरच्या बाईंनी ते घेतलं, फोटो बघितला, समोर बसलेल्या आम्हा दोघींकडे बघितलं, परत कार्डाकडे बघितलं, आणि झेरॉक्स काढून परत दिलं. घरी येऊन मी ते त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायला गेले. पार्सलच्या पावत्या पिवळ्या पडल्या होत्या, पण एकही गहाळ नव्हती. त्यांच्यावर दसऱ्याआधी आलेला तो फोटो होता, गोणपाटातल्या स्कूटरचा. बाबांनी तो कुठून तरी छापून आणला होता. मागे काही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खण उघडला आणि पत्र टाकलं. आत काय आहे ते उघडून वाचलं नाही, वर काही लिहिलं नाही, ते आता नाहीत हेही नाही. आपलं टाकायचं राहिलेलं काम म्हणून टाकलं. उत्तराची अपेक्षा नव्हती. पत्र परत येईल असं वाटत होतं, आणि आता त्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

सहाएक आठवड्यांनी पत्रपेटीत पाकीट आलं. बाबांच्या नावावर. आईला वाचायला चष्मा सापडेना, म्हणून तिने मला मोठ्याने वाचायला लावलं. हिंदी साधं होतं, हात घाईचा.

कार्डावरच्या त्या जवानाने लिहिलं होतं की पत्र गावी गेलं, भावाने त्याला ते जिथे ड्यूटी आहे तिथे पाठवलं, म्हणून उशीर झाला. कार्ड त्याचंच आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला आपली मोटरसायकल विकायची होती. एका गिऱ्हाइकाने विश्वासासाठी कार्डाचा फोटो मागितला, त्याने पाठवला. गिऱ्हाईक परत दिसलं नाही. तेव्हापासून त्याचं कार्ड देशभर गाड्या विकत फिरतंय. वरिष्ठांना कळवलं, पोलिसांत लिहून दिलं, नवं कार्ड मिळालं, पण जुन्याचा फोटो कोण परत आणणार? गावच्या पत्त्यावर लोक येतात. एकदा कुणी दूरवरून आला आणि अंगणात उभा राहून त्याच्या आईला शिव्या देऊन गेला. सर, असं त्याने लिहिलं होतं, आतापर्यंत मला चोर म्हणणारे खूप भेटले. तुम्ही पहिले आहात, ज्यांनी लिहिलं की कार्ड मी बघितलंय, ते खरं आहे, आणि ज्याचं कार्ड खरं तो हे करणार नाही. तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, तुमचं नुकसान माझ्या चुकीने झालं, माफ करा. मुंबईला बदली झाली तर पाया पडायला येईन. तब्येतीची काळजी घ्या.

वाचून झाल्यावर आईने पत्र माझ्याकडून मागून घेतलं. खाली कुणी तरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, किक मारत होतं.

"म्हणजे कार्ड खरा होता," ती म्हणाली.

"हो."

"ते सांगी होते."

"हो."

मग मी तिला पत्राचं सांगितलं. खण, कार्डांचा गठ्ठा, रोजची पत्रपेटी, सगळं. वेळेवर टाकलं असतं तर हे उत्तर डिसेंबरात आलं असतं, हेही. ती रागावेल असं वाटत होतं, रागवावं असंही वाटत होतं. ती पायावरची चादर सारखी करत राहिली.

"त्यांना कळलं होतं का गं आई? मी टाकलं नाही ते?"

"माका नाय ठावक," आई म्हणाली. "माका त्यांनी काय सांगूक नाय." आणि थोड्या वेळाने, "तेका कळव. वाट बघीत रवात तो."

मला ते उत्तर लिहायला बाबांपेक्षा जास्त दिवस लागले. एवढी पुस्तकं हाताखालून गेली, पण पहिलं वाक्य सापडेना. शेवटी सरळ लिहिलं. वडील जानेवारीत गेले. तुमचं पत्र त्यांना मिळालं नाही, आणि त्याला कारण मी आहे. कार्ड खरं आहे हे ते शेवटपर्यंत म्हणत होते. आम्ही मानलं नाही. तुमची चूक नाही. मुंबईला आलात तर घरी या, आई आहे.

कॉलेजजवळच्या त्या पोस्टात खरंच गर्दी नसते. मी पाकीट दिलं, खिडकीतल्या माणसाने वजन केलं, चिकटपट्टी लावली, पावती फाडून दिली. मी ती पर्समध्ये ठेवली आणि घरी येईपर्यंत दोनदा पर्स उघडून बघितली.

आई दारातच खुर्चीवर बसली होती. मांडीवर तो डबा होता, झाकण काढलेलं.

"पावती?" तिने विचारलं. पुढे काही जोडलं नाही.

मी ती तिच्या हातावर ठेवली.